डिलिव्हरी गाड्यांचा डिझेल लॉग : ॲव्हरेज कसा काढायचा आणि खरी घसरण कशी ओळखायची

प्रश्न : आमच्या ११ डिझेल पिकअप आहेत. चाकणच्या गोडाऊनमधून माल भरून पुणे शहरात आणि हडपसर-वाघोलीकडे वाटप चालतं. डिझेलचा लॉग शीटमध्ये ठेवतो, पण एकाच गाडीचा ॲव्हरेज एकदा २० दाखवतो, पुढच्या वेळी ८. खरंच कुठे गळती आहे की हिशोबच चुकतोय, हे कसं कळणार? एखाद्या गाडीचा ॲव्हरेज अचानक पडला तर शीटनेच सांगावं, असं काही करता येईल का?

उत्तर :

२० आणि ८ हे दोन्ही आकडे एकाच चुकीतून येतात. ती चूक ड्रायव्हरची नाही, भागाकाराची आहे. मागच्या वेळेपासून गाडी किती चालली त्याला आज भरलेल्या लिटरने भागायचं, हे तेव्हाच बरोबर असतं जेव्हा मागच्या वेळीही टाकी फुल केली होती आणि आजही फुल केली. टाकी फुल असताना निघालेली गाडी परत फुल करायला जेवढं डिझेल लागतं, तेवढंच तिने मधल्या अंतरात जाळलेलं असतं. मधे कुठे ‘दोन हजारांचं टाक’ झालं की हे नातं तुटतं.

समजा गाडीचा खरा ॲव्हरेज १२ च्या आसपास आहे आणि टाकी ६० लिटरची. ४६० किलोमीटर चालून आल्यावर ड्रायव्हरने दोन हजारांचं, म्हणजे ९० रुपये भावाने साधारण २२.२ लिटर डिझेल टाकलं. शीटने ४६० ला २२.२ ने भागलं आणि २०.७ दाखवले. पुढच्या ४६० किलोमीटरनंतर टाकी फुल केली, तर आधीची तूट धरून ५३ लिटर बसले आणि शीटने ८.७ दाखवले. दोन्ही मिळून ९२० किलोमीटर आणि ७५.२ लिटर, म्हणजे १२.२. गाडीला काहीही झालेलं नाही.

म्हणून लॉगमध्ये एक रकाना असा हवा, जो बहुतेकांच्या शीटमध्ये नसतो : टाकी फुल केली का, हो की नाही. अर्धवट भरणं बंद करायची गरज नाही. महिनाअखेरीला कोणाकडे पैसे कमी असतात, कधी पंपावर रांग असते, ते चालायचंच. फक्त अर्धवट भरलेल्या दिवशी ॲव्हरेज काढायचा नाही. ते लिटर साठवून ठेवायचे आणि पुढच्या फुलला एकत्र मोजायचे.

शीटमध्ये A तारीख, B गाडी, C मीटर रीडिंग, D लिटर, E फुल असेल तर Y नाहीतर N, F पावतीची रक्कम, G शेरा, एवढं पुरे. शेऱ्यात दुरुस्ती, टायर बदल, नवा ड्रायव्हर, बदललेला मार्ग असं काहीही. हा रकाना कंटाळवाणा वाटतो, पण घसरणीचं कारण बहुतेक वेळा तिथेच सापडतं. त्यापुढचे रकाने शीट स्वतः भरते :

```
H2: =IF(E2="Y",MAXIFS(C:C,B:B,B2,E:E,"Y",C:C,"<"&C2),"")
I2: =IF(AND(E2="Y",H2>0),SUMIFS(D:D,B:B,B2,C:C,">"&H2,C:C,"<="&C2),"")
J2: =IF(I2="","",(C2-H2)/I2)
```

H त्या गाडीच्या मागच्या फुलचं मीटर रीडिंग शोधतो. I त्या फुलनंतर आजपर्यंत पडलेले सगळे लिटर जमा करतो, त्यात आजचे लिटर धरलेले असतात आणि मागच्या फुलचे वगळलेले. इथेच पुष्कळ जण उलट करतात आणि मागच्या वेळी भरलेल्या लिटरने भागतात, ‘ते भरलं म्हणून गाडी चालली’ असं समजून. आज बसलेलं डिझेल हे कालपर्यंत जळलेल्याचं माप आहे. गाडीच्या पहिल्या फुलला J रिकामा राहील, कारण मागे तुलना करायला काही नसतं.

ही सूत्रं तारखेवर नाही, मीटर रीडिंगवर चालतात. पावत्या आठवड्याने एकदम भरल्या, क्रम मागेपुढे झाला, तरी उत्तर बदलत नाही. मोबदल्यात मीटरची चुकीची नोंद मात्र महागात पडते. ८४२१० च्या जागी ९४२१० लिहिलं तर ती ओळ दहा हजार किलोमीटर पुढे जाऊन बसते. तिचे लिटर मधल्या हिशोबातून गळतात आणि पुढच्याच फुलला ॲव्हरेज एकदम छान दिसू लागतो. छान आकड्यावर कोणी शंका घेत नाही, म्हणून ही चूक महिनोन्‌महिने राहते. रीडिंग मागच्यापेक्षा कमी असेल किंवा ८०० किलोमीटरपेक्षा जास्त पुढे असेल, तर नोंद घेतानाच सेल लाल झाला पाहिजे. मीटरचा पूर्ण डॅशबोर्ड बदलला आणि रीडिंग शून्यापासून सुरू झालं तर गाडीच्या नावापुढे ‘-२’ लावून ती नवी गाडी धरा, जुन्या रीडिंगशी जोडायच्या भानगडीत पडू नका.

आता घसरणीकडे. कोणत्या आकड्याशी तुलना करायची, हा कळीचा प्रश्न आहे. ११ गाड्यांची सरासरी काढून तिच्याशी तुलना करणं निरुपयोगी. कात्रज घाट चढून जाणारी गाडी आणि मगरपट्ट्यात सोसायट्या फिरणारी गाडी एका मापाने मोजता येत नाहीत. प्रत्येक गाडीची तुलना तिच्या स्वतःशीच करायची. मागच्या सहा-आठ फुलच्या ॲव्हरेजमधली मधली किंमत, म्हणजे मीडियन घ्यायची. सरासरी नको, कारण एक विचित्र आकडा सरासरीला ओढतो, मीडियनला नाही.

हा पाया शीटला आपोआप सरकवू देऊ नका, हे माझं ठाम मत आहे. ‘शेवटच्या सहा फुलची मीडियन’ असं चालतं सूत्र दिसायला हुशार वाटतं, पण गाडी दर महिन्याला थोडीथोडी बिघडत असेल तर पायाही तिच्याबरोबर खाली उतरतो आणि इशारा कधीच येत नाही. त्यापेक्षा Base नावाची वेगळी शीट करा, A मध्ये गाडी आणि B मध्ये तिचा पाया हाताने लिहा. सर्व्हिसिंग नुकतं झालेलं असताना, गाडी चांगली चालत असतानाच्या सहा फुलवरून तो ठरवा. मार्ग कायमचा बदलला तरच तो बदला आणि बदलल्याची तारीख शेजारी लिहा.

```
K2: =IF(J2="","",J2/VLOOKUP(B2,Base!A:B,2,FALSE)-1)
L2: =IF(J2="","",MAXIFS(C:C,B:B,B2,E:E,"Y",C:C,"<"&H2))
M2: =IF(J2="","",IF(L2=0,"",(C2-L2)/SUMIFS(D:D,B:B,B2,C:C,">"&L2,C:C,"<="&C2)/VLOOKUP(B2,Base!A:B,2,FALSE)-1))
```

K म्हणजे या एका फुलची पायापासूनची टक्केवारी. M म्हणजे शेवटची दोन फुल अंतरं एकत्र धरून तीच टक्केवारी. M मध्ये दोन ॲव्हरेजची सरासरी घेतलेली नाही, किलोमीटरची बेरीज भागिले लिटरची बेरीज केली आहे. ३०० किलोमीटर २० लिटरमध्ये आणि ४०० किलोमीटर ४० लिटरमध्ये गेले तर १५ आणि १० ची सरासरी १२.५ येते, पण खरा ॲव्हरेज ७०० भागिले ६०, म्हणजे ११.७ असतो.

दोन अंतरं एकत्र का, तर ‘फुल’ ही गोष्ट तितकीशी पक्की नसते. नोझल आपोआप बंद होतो तो फेस तोंडाशी आला की. पंपाची फरशी उताराची असेल, नोझल जोरात धरला असेल, डिझेलला फेस जास्त आला असेल, तर लिटरभर कमी बसतं. नंतर ड्रायव्हरने थांबून वर दोनदा दाबून घेतलं तर लिटरभर जास्त. म्हणजे सुरुवातीला एक लिटर आणि शेवटी एक लिटर इकडे-तिकडे होऊ शकतो. ४० लिटरच्या भरण्यात वाईटात वाईट दोन लिटर म्हणजे ५ टक्के, पण १५ लिटरच्या भरण्यात तेच दोन लिटर १३ टक्के होतात. म्हणून अर्ध्या टाकीपेक्षा कमी भरलेल्या फुलवर एकट्याने कधीच निर्णय घ्यायचा नाही. शक्यतो एकच पंप, तोच नोझल, गाडी त्याच दिशेने उभी आणि पहिल्या कट-ऑफला थांबायचं, एवढा नियम पाळला तर आकड्यांतला हा चढउतार बराच कमी होतो.

भरण्यातली चूक ओळखायची खूण अशी की ती पुढच्या वेळी स्वतःच फिटते. आज टाकी लिटरभर कमी भरली तर आजचा ॲव्हरेज फुगतो आणि पुढचा तेवढाच बसतो. टाकी फुल नसताना शीटमध्ये Y लिहिलं गेलं तरी तेच : एक उंच, लगेच एक खोल, दोन्ही मिळून बरोबर. खरी घसरण फिटत नाही. त्यामुळे इशाऱ्याचे दोन नियम पुरतात. K उणे १५ टक्क्यांच्या खाली गेला तर आधी नोंद आणि पावती तपासायची, गाडीला हात लावायचा नाही. M उणे ८ टक्क्यांच्या खाली गेला तर गाडी आणि माणसं दोन्ही तपासायची. ८ हा आकडा यासाठी की दोन अंतरांच्या ८० लिटरमध्ये भरण्याची चूक अडीच टक्क्यांवर येते आणि वर तीन-चार टक्के ट्रॅफिक आणि वजनाच्या चढउताराला सोडावे लागतात. घाटाच्या किंवा दूरच्या फेऱ्या मधूनमधून असतील तर १० ठेवा.

एक अपवाद. पालखी शहरात असते तेव्हा, गणेशोत्सवाच्या दहा दिवसांत, किंवा जुलैत चाकण चौकात पाणी साचतं तेव्हा सगळ्याच गाड्यांचा ॲव्हरेज खाली येतो. पिकअपचं इंजिन उभ्या गाडीत चालू राहिलं तरी तासाला अर्धा ते एक लिटर डिझेल पितं, आणि त्या वेळात मीटर एकही किलोमीटर पुढे सरकत नाही. त्या आठवड्यातल्या सगळ्या गाड्यांच्या K ची मीडियन काढा. ती उणे ७ असेल आणि तुमची गाडी उणे ९ असेल, तर तिच्यावर संशय घ्यायचं कारण नाही. बाकी सगळ्या शून्याजवळ असताना एकटीच उणे ९ असेल, तेव्हा बघायचं.

आता एक उदाहरण पूर्ण करून बघू. गाडी ‘पिकअप ७’, मार्ग चाकण ते शहर. सहा फुल अंतरं अशी आली : ४६८ किलोमीटरला ३८.४ लिटर, ४५५ ला ३६.९, ४८० ला ३९.८, ४६२ ला ३७.२, ४७१ ला ३९.१, ४५९ ला ३७.३. ॲव्हरेज १२.०५ ते १२.४२ च्या मधे आणि मीडियन १२.२५. हा पाया. सातव्या वेळी ४६५ किलोमीटरला ४२.६ लिटर बसले, ॲव्हरेज १०.९, म्हणजे उणे १०.९ टक्के. एकट्या अंतराचा इशारा १५ ला आहे, म्हणून शीट गप्प राहिली. हे बरोबरच, ही भरण्याची चूक असती तर पुढच्या वेळी फिटली असती. आठव्या वेळी ४७३ ला ४३.९, ॲव्हरेज १०.८. फिटलं नाही. दोन्ही मिळून ९३८ किलोमीटर आणि ८६.५ लिटर, M उणे ११.५ टक्के. सेल लाल झाला. बाकी दहा गाड्या त्या काळात एक-दोन टक्क्यांच्या आत होत्या.

पायाच्या हिशोबाने ९३८ किलोमीटरला ७६.६ लिटर लागायला हवे होते, लागले ८६.५. दहा लिटर जास्त, प्रत्येक फुलमागे पाच. पाच लिटर म्हटलं की मालकाच्या डोळ्यासमोर लगेच कॅन येतो. इथे घाई करू नये. ड्रायव्हरला चोर ठरवून मग ब्रेक जॅम निघाला, तर चांगला माणूस जातो आणि ब्रेक तसाच राहतो.

दोन्हींमध्ये फरक करायची एक साधी युक्ती आहे. गाडीचा दोष किलोमीटरमागे डिझेल खातो. अंतर निम्मं झालं तर जास्तीचं डिझेलही निम्मं होतं. काढून घेतलेलं किंवा टाकीत न पडता पावतीवर आलेलं डिझेल सहसा खेपेमागे जातं, कारण कॅन पाच लिटरचा असतो, मग गाडी २०० किलोमीटर चालो की ५००. म्हणून पुढचे दोन आठवडे ‘नेहमीच्या निम्मं अंतर झालं की फुल’ असं सांगायचं. कारण सांगायचं नाही. सगळ्याच गाड्यांना एकदम सांगितलं तर कोणालाच वेगळं वाटत नाही.

पिकअप ७ ला नवव्या वेळी २३१ किलोमीटरला २१.३ लिटर लागले. पायाने १८.९ लागायला हवे होते, जास्तीचे २.४. दहाव्या वेळी २३८ ला २२.१, हवे होते १९.४, जास्तीचे २.७. भरण्याची चूक धरून एकट्या २.४ वर फार भरवसा ठेवता येत नाही, पण दोनदा तेच आलं. अंतर निम्मं, जास्तीचं डिझेल निम्मं. टक्केवारी जिथल्या तिथे, उणे ११-१२. हा गाडीचा दोष आहे. जास्तीचे लिटर दोन्ही वेळी पाचाच्या आसपास राहिले असते, म्हणजे टक्केवारी एकदम उणे २१ च्या घरात गेली असती, तर उत्तर वेगळं असतं. मात्र कोणी दर शंभर किलोमीटरमागे हिशोबाने थोडंथोडं काढत असेल तर ही युक्ती फसते. तसं करणारा हुशार असतो, पण कमी भेटतो.

शेऱ्याचा रकाना बघितला तर सातव्या फुलच्या चार दिवस आधी नोंद होती : ‘मागचे ब्रेक लायनर बदलले’. आता मिस्त्रीला ‘गाडी बघ’ असं न सांगता नेमकं सांगता येतं. गाडी दहा-पंधरा किलोमीटर चालवून आणायची, शेवटचे काही मीटर ब्रेक न दाबता थांबवायची आणि चारही चाकांच्या ड्रम-डिस्कजवळ हात न लावता उष्णता बघायची. एक चाक बाकीच्यांपेक्षा उघड गरम असेल तर तिथेच ब्रेक धरून राहतो आहे. मग गाडी जॅकवर घेऊन न्यूट्रलमध्ये ते चाक हाताने फिरवायचं. मोकळं चाक लायनरला थोडं घासत का होईना, पण फिरत राहतं. जॅम चाक हात सोडताच थांबतं. नवे लायनर बसवताना अॅडजस्टर जास्त ताणला गेला किंवा हॅण्डब्रेकची केबल पूर्ण सुटत नसेल तर हेच होतं. सैल केल्यावरच्या फुलला ४६६ किलोमीटरला ३८.६ लिटर, ॲव्हरेज १२.१. दुरुस्ती झाली की नाही हे मिस्त्रीच्या शब्दावर न ठेवता याच आकड्यावर ठरवायचं.

शेऱ्यात काहीच नसेल तर क्रम असा ठेवा, स्वस्त ते महाग : टायरची हवा थंड असताना, एअर फिल्टर, ब्रेक, मग क्लच. चढावर इंजिनचा आवाज वाढतो पण गाडी त्या मानाने पळत नाही, ही क्लच स्लिपची खूण. काळा धूर असेल तर फिल्टर किंवा इंजेक्टर. बीएस-६ गाडी फक्त छोट्या-छोट्या फेऱ्यांवर असेल तर डीपीएफ, म्हणजे धुरातली काजळी अडवणारा फिल्टर, साफ होण्यासाठी ती जास्तीचं डिझेल जाळते. डॅशबोर्डवर त्याचा दिवा वारंवार लागतोय का, ते ड्रायव्हरला विचारा. मोठ्या मापाचे टायर टाकले असतील तर मीटर कमी किलोमीटर दाखवतो आणि ॲव्हरेज पडल्यासारखा दिसतो. मीटरचे आणि जीपीएसचे किलोमीटर यांचं गुणोत्तर त्याच तारखेला बदललेलं दिसलं की हा प्रश्न सुटतो.

आणि जास्तीचे लिटर ठरावीक निघाले तर? तेव्हाही शीट एवढंच सांगते की डिझेल टाकीतून गेलं किंवा टाकीत आलंच नाही. या दोन्हींत फरक करायला पावतीवरची वेळ आणि जीपीएसवर गाडी त्या वेळी पंपावर होती का, ते जुळवावं लागतं. भरण्याआधी आणि नंतर काट्याचा मीटर रीडिंगसकट फोटो मागवा. काटा अर्ध्याच्या वर असताना ६० च्या टाकीत ४२ लिटरची पावती आली, तर पुढे विचारायचं काही राहत नाही. कंपनीच्या पुस्तकातली टाकीची क्षमता नोंदीच्या सेलवर मर्यादा म्हणून लावा, पण तीन-चार लिटरची सूट द्या, कारण गळ्यापर्यंत भरलं तर लिहिलेल्यापेक्षा थोडं जास्त मावतं. पंपाच्याच मापावर शंका असेल तर तिथे वैधमापन खात्याची मोहर असलेलं पाच लिटरचं माप असतं, ते मागून समोर तपासून घेता येतं. पण पंपाचं माप कमी असेल तर त्या पंपावर भरणाऱ्या सगळ्याच गाड्या एकदम पडतात, एकटी पिकअप ७ नाही.

पुढे सीएनजी गाड्या घेतल्यात तर त्या याच शीटमध्ये घालू नका. सीएनजी किलोत मोजतात आणि ‘फुल’ हे पंपावरच्या दाबावर आणि हवेच्या उष्णतेवर ठरतं. दुपारच्या रांगेत, दाब उतरलेला असताना टाकी फुल म्हणून सुटते पण गॅस कमी असतो. तिथे दोन नाही, निदान पाच भरणी एकत्र धरून टक्केवारी काढा. गाडी सुरू होताना पेट्रोलवर चालत असेल तर ते पेट्रोल वेगळ्या रकान्यात लिहा, किलोत मिसळू नका.